डाव्या कडेला चिकटवलेली आठ वाक्यं

अक्षरं मी पत्रकांवर शिकले. वडील सोलापुरात विडी कामगारांच्या संघटनेचं काम करायचे, आई विड्या वळायची आणि घरात कपड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त असायचे. वडील पत्रकाचा मजकूर मांडायला बसले की मी शेजारी बसायचे. त्यांचा एक नियम होता: पत्रकात कोरी जागा सोडायची नाही. समास अर्ध्या बोटाचा, ओळी एकीला एक लागून, सगळ्या डाव्या कडेपासून सुरू. "कोरी जागा म्हणजे आपण न बोललेलं वाक्य," ते म्हणायचे. मी तो नियम कधी तपासून पाहिला नाही. घरातल्या भांड्यांसारखा तो माझ्याबरोबर आला.

नोकरी लागली आणि मी नेरे गावात राहायला आले. कंपनी माणला, आयटी पार्कच्या फेज तीनमध्ये. ऑफिसातल्या आम्ही चार-पाच जणी मिळून एक वाचनगट चालवायचो. भाड्याच्या खोल्यांचे अनुभव हा आमचा कायमचा विषय. आडनाव ऐकून फोन ठेवणारे मालक, "तुमच्यात काय खातात" असं हसत विचारणाऱ्या मालकिणी. मी स्वतः तीन दारांवरून परत आले होते. त्यामुळे राग तयारच होता, त्याला फक्त पत्ता हवा होता.

तो एका शनिवारी सकाळी मिळाला. गटातली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण खोली शोधत होती. तिने मला एका चॅटचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, अशी मिळते इथे खोली. आत्ताच काढला." वरची नावाची पट्टी तिने कापली होती. उरले होते फक्त आठ मेसेज. ते मला आजही पाठ आहेत.

एक विचारायचं होतं, राग मानू नका.
विचारा.
आडनावावरून नीट कळलं नाही. तुम्ही कोणत्या समाजाचे?
ते कशाला पाहिजे?
स्वयंपाकघराचा प्रश्न आहे. ओटा एकच आहे ना.
आमच्यात असलं काही पाळत नाहीत.
मग जमणार नाही.
ठीक आहे. राहू दे.

मी ते दोनदा वाचलं. कोण विचारतंय आणि कोणाला विचारलं जातंय, याबद्दल मला क्षणभरही शंका आली नाही. आडनाव मालक विचारतो. ओटा मालकाचा असतो. मैत्रिणीला फोन करून मी एवढंच विचारलं, "कुठली ही बाई?" तिने वाडीचं नाव सांगितलं, घराची खूण सांगितली. मग म्हणाली, "जाऊ दे गं, दुसरी बघते मी." मला वाटलं, अपमान गिळतेय बिचारी.

दुपारी मी त्या वाडीत चौकशी केली. माणच्या पलीकडे, अजून थोडी भातखाचरं शिल्लक असलेली वाडी. त्या बाईंनी घराच्या मागच्या बाजूला खोल्या काढल्या होत्या, स्वयंपाकघर त्यांचं आणि भाडेकरूंचं एकच. आणि बचत गटातर्फे वाडीतल्या शाळेत पोरांची खिचडी त्याच शिजवत होत्या. हे कळलं तेव्हा मला मथळाच सुचला. आज तो लिहितानाही लाज वाटते: "जात विचारून ओटा देणारी बाई आपल्या पोरांना काय वाढते?"

पत्रक मी नेऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मांडलं. स्क्रीनशॉट तसाच छापला असता तर अर्धं पान गेलं असतं. मेसेज असे लांब लांब, एक उजवीकडे, एक डावीकडे, मध्ये सगळं मोकळं. मला वडिलांचा नियम आठवला. मी प्रत्येक मेसेजचा फुगा वेगळा कापला आणि आठही फुगे एकाखाली एक, डाव्या कडेला चिकटवले. पुढे ठळक अक्षरात लिहिलं: मालकीण. भाडेकरू. मालकीण. भाडेकरू. झेरॉक्स काळीपांढरी असल्यामुळे फुग्यांचा रंगही गेला. मेसेजच्या कोपऱ्यातली वेळ आणि टिकमार्क फार बारीक होते, तेही कापून टाकले. पान गच्च भरलं. वडील खूश झाले असते.

रविवारी आम्ही दोघी-तिघींनी ते वाटलं. शाळेच्या फाटकावर चिकटवलं, किराणा दुकानात आणि एसटीच्या थांब्यावर हातोहात दिलं. मैत्रीण आली नाही. तिला ताप होता म्हणे.

बुधवारी शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिका बोलत होत्या. "पत्रकावर तुमचा नंबर आहे म्हणून फोन केला. उद्या साडेतीनला शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. पालकांनी अर्ज दिलाय, त्या बाईंना खिचडीवरून काढा म्हणून. पुरावा तुमचा आहे, तर तुम्ही या."

मी गेले. अर्धा दिवस रजा टाकून, मान ताठ ठेवून गेले.

बैठक चौथीच्या वर्गात होती. लहान बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. समितीचे अध्यक्ष पन्नाशीचे, एका मुलीचे आजोबा. त्यांनी माझं पत्रक डोळ्यांपासून लांब धरलं होतं.

"या, पत्रकवाल्या ताई," ते म्हणाले. "बसा. बाकावर बसता येतंय का बगा, आमचं तर कंबरडं गेलं."

त्या बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. हिरवी सुती साडी, पदराला हात पुसायची सवय, मनगटावर वाफेने भाजल्याची जुनी खूण. पोरं त्यांना मावशी म्हणायची, म्हणून वर्गातही सगळे तेच म्हणत होते. तीन दिवस झाले, निम्मी पोरं खिचडी न खाता डबा आणत होती. मावशी पातेलं भरून शिजवत होत्या आणि निम्मं पातेलं परत नेत होत्या. आज समितीने ठराव केला तर उद्यापासून चूल दुसऱ्या कुणाची.

"आमच्या पोराला आमी हिच्या हातचं देणार न्हाई," एक तरुण पालक म्हणाला. "आमालाच इचारील उद्या, तुमी कोन म्हनून."

"म्या तुला आजवर इचारलंय का रं?" मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुझं पोरगं तीन वर्सं माज्या हातचं खातंय. दोनदा मागून खातंय."

"मग हे काय छापलंय?"

"त्या बाईला इचार. म्या न्हाई छापलं."

मी उभी राहिले. भाषण तयार होतं आणि ते मी केलं. ओट्यावरची जात, ताटावरची जात, शाळेच्या चुलीवरची जात. माझा आवाज चांगला लागला होता. शेवटी म्हणाले, "मी एकही शब्द माझ्या मनाचा लिहिलेला नाही. मूळ स्क्रीनशॉट माझ्या फोनमध्ये आहे."

"माज्याबी फोनात हाय," मावशी म्हणाल्या. "म्या बी दावते."

त्यांनी फोन पुढे केला. मी माझा. अध्यक्षांनी दोन्ही फोन बाकावर शेजारी शेजारी ठेवले, आणि सगळे वाकून पाहायला लागले. माझ्या फोनवर जातीचा प्रश्न हिरव्या फुग्यात, उजवीकडे. मावशींच्या फोनवर तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पांढऱ्या फुग्यात, डावीकडे. बाकीचे सातही तसेच, सगळे उलटे.

"हे घ्या," तो तरुण पालक टाळी वाजवून म्हणाला. "उलटं करून आणलंय. दोन्हीतलं एक बनावट हाय."

"कुनाचं?"

"कुनाचं काय! जिची चूक तिचं."

मलाही तेच वाटलं. खोटं सांगत नाही, माझ्या मनात विजयाची एक लहर उठली: या बाईने फोनमध्ये काहीतरी करून आणलंय.

मुख्याध्यापिका पुढे आल्या. पालकांच्या भांडणांचे स्क्रीनशॉट त्यांना रोज येत असावेत, कारण त्यांनी कंटाळल्यासारखा चष्मा डोळ्यांवर चढवला. "कुणाचंच बनावट नाही," त्या म्हणाल्या. "मावशी, मला एक मेसेज पाठवा बरं. काहीही."

मावशी फोन तोंडाजवळ नेऊन बोलल्या, "खिचडी झाली." त्या बोलूनच टाइप करत. फोन त्यांचं बोलणं शुद्ध करून लिहितो, म्हणूनच त्या आठ मेसेजमध्ये मला गावाकडचा एकही शब्द दिसला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मुख्याध्यापिकांच्या फोनची घंटी वाजली. त्यांनी तो मावशींच्या फोनशेजारी ठेवला.

"बघा. मेसेज एकच. मावशींच्या फोनवर कुठे आहे?"

"उजवीकडं. हिरवा."

"आणि माझ्या?"

"डावीकडं. पन तुमचा काळा दिसतोय हो, पांढरा न्हाई."

"मी फोन काळ्या रंगावर ठेवलाय, डोळ्यांना त्रास होतो म्हणून. रंग फोनच्या सेटिंगप्रमाणे गडद-फिका होतो. बाजू बदलत नाही. ज्याचा फोन, त्याचं बोलणं उजवीकडे. समोरच्याचं डावीकडे. मावशींच्या मेसेजखाली या दोन टिका दिसतात ना? त्या, पाठवलेला मेसेज पोचला हे पाठवणाऱ्याला सांगण्यासाठी असतात. माझ्या फोनवर त्याच मेसेजला टिका नाहीत, कारण मी तो पाठवलेला नाही."

अध्यक्षांनी बोट आधी एका फोनवर ठेवलं, मग दुसऱ्यावर. "म्हंजे दोनी खरं. जो तो आपल्या फोनात उजवा."

"बरोबर."

"मग ताईंच्या फोनात तो प्रश्न उजवीकडं हाय. म्हंजे ताईंनी इचारला?"

वर्गात हसू फुटलं. 

"तसं नाही, दादा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "यांच्या फोनवर तो चॅट नाही, चॅटचा फोटो आहे. तो कुणीतरी यांना पाठवलाय, म्हणून अख्खा फोटो डावीकडे आलाय. फोटोच्या बाहेरची बाजू सांगते, फोटो कुणी पाठवला. फोटोच्या आतली बाजू सांगते, फोटो कुणाच्या फोनवर काढला." त्या माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी साधा होता, पोराला पाढा विचारावा तसा. "हा स्क्रीनशॉट कुणी काढला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उत्तर मला माझ्याच तोंडात दिसलं. मैत्रिणीने लिहिलं होतं: "बघ, अशी मिळते इथे खोली. आत्ताच काढला."

"माझ्या मैत्रिणीने," मी म्हणाले. "खोली बघायला आली होती ती."

"तिच्याच फोनवर?"

"हो."

"मग उजवीकडचं कुणाचं?"

 मी फोन हातात घेतला. प्रश्न उजवीकडे, हिरवा, खाली दोन टिका. "स्वयंपाकघराचा प्रश्न आहे", उजवीकडे. "मग जमणार नाही", उजवीकडे, हिरवं. आणि डावीकडे, पांढऱ्या फुग्यात, टिकांशिवाय: "ते कशाला पाहिजे?" "आमच्यात असलं काही पाळत नाहीत." पाच दिवस तो फोटो माझ्या खिशात होता. मी तो पन्नास वेळा उघडला होता. दर वेळी त्याने मला तेच सांगितलं होतं आणि दर वेळी मी फक्त शब्द वाचले होते.

ज्या बाईला जात विचारली गेली, तिलाच मी जात विचारणारी म्हणून गावभर छापलं होतं.

"एक मिनिट," असं काहीतरी म्हणत मी बाहेर आले. हातपाय धुवायच्या नळापाशी उभी राहून मैत्रिणीला फोन लावला.

"तू विचारलंस?" मी म्हणाले. "समाज कोणता, हे तू विचारलंस त्यांना?"

ती म्हणाली, "अगं, आई येऊन राहणार होती महिनाभर. तिला नाही चालत. मी कुठे मानते असलं काही?"

"मग मला पाठवलंस कशाला?"

"बाई कशी तोडून बोलली ते दाखवायला. मी कधी म्हटलं की तिने विचारलं? ते तू लिहिलंस."

"पत्रक वाचलंस ना तू?"

"वाचलं."

"मग?"

"तू इतकी पेटली होतीस," ती म्हणाली, "की मध्ये बोलायची भीती वाटली."

हे वाक्य मला अजून टोचतं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. वाचनगटात माझ्यासमोर कुणी सहसा मध्ये बोलत नसे. तिचा खोटेपणा तिच्यापाशी. पण ती नावं, मालकीण, भाडेकरू, ती तर मी माझ्या हाताने ठळक केली होती. शिकलेली, आमच्यातली, घोषणा पाठ असलेली मुलगी असं विचारेल, हे मला सुचलंच नाही. वाडीतली, चुलीपुढची बाई विचारेल, हे मात्र विचार न करता सुचलं. मी ज्यांच्यावर ओरडत होते, त्यांच्याहून हे वेगळं काय होतं? माणूस न पाहता, तो कुठून आलाय यावरून तो काय बोलला असेल हे मीही ठरवलं होतं.

मी आत गेले आणि सगळं सांगितलं. मैत्रिणीचं नाव घेतलं नाही, माझं घेतलं. माफी मागताना माझा तो चांगला लागणारा आवाज लागला नाही.

तो तरुण पालक खाली बघत होता. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, तुमी पयल्या दिवशीच का न्हाई बोललात?"

"कुनाला बोलू?" मावशी म्हणाल्या. "दुकानात फोन दावला, तर म्हनाले, कागदावर मालकीन म्हनून छापलंय, तुजं फोनातलं कोन धरतंय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "त्या पोरीनं मला इचारलं, तवा मला राग आला. पन ती निदान मलाच इचारून गेली. तू तर मला काईच इचारलं न्हाईस. वाडीत आलीस, माज्या घरावरून गेलीस, लोकांना इचारलंस. माजं दार उघडंच व्हतं."



ठराव झाला नाही. पालकांचा अर्ज मागे घेतला गेला, चूल मावशींकडेच राहिली. पण अध्यक्ष म्हणाले, "हितल्या हितं मिटलं. भाईर कागुद फिरतोय त्याचं काय?"

"मी दुसरं पत्रक काढते," मी म्हणाले.

"काढ," मावशी म्हणाल्या. "आन् तूच वाट. घरोघर जाऊन. मानसं धाडू नको."

दुसरं पत्रक मी त्याच दुकानात, पण रंगीत छापलं. स्क्रीनशॉट पूर्ण पानभर, जसा होता तसा. हिरवं उजवीकडे, पांढरं डावीकडे, मधली सगळी मोकळी जागा राखून. दुकानदार म्हणाला, "अहो मॅडम, किती जागा वाया चालली. कापून देऊ का?" मी जवळजवळ ओरडलेच, "हात लावू नका." खाली लिहिलं की हा फोटो खोली शोधणाऱ्या मुलीच्या फोनवर काढला आहे, म्हणून उजवीकडचे शब्द तिचे आणि डावीकडचे मावशींचे, आणि मी ते उलटे छापले. वडिलांना एक प्रत पाठवली. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "त्या बाईला आधी दाखवलंस का?" दाखवलं होतं. मावशींनी ते नीट पाहून, पुसलेल्या हाताने घडी करून डब्यांच्या फळीवर ठेवलं होतं. मला बसायला सांगितलं नव्हतं.

पहिलं पत्रक वाटायला दीड तास लागला होता. दुसऱ्याला चार संध्याकाळी आणि वर एक सकाळ लागली. कागद हातात दिला की लोक पहिल्यासारखंच वाचायचे आणि म्हणायचे, "व्हय, वाचलंय की आमी, त्या खिचडीवालीचं." प्रत्येक उंबऱ्यावर मी माझा फोन काढायचे, घरातल्या कुणाचा तरी मागायचे, एक मेसेज पाठवायचे आणि दोन्ही शेजारी धरायचे. एका घरी एक आजी बराच वेळ दोन्ही पडद्यांकडे पाहत राहिल्या.

"म्हंजे माज्या फोनात मीच नेहमी उजवी?"

"हो, आजी."

"आन् तुज्या फोनात?"

"माझ्या फोनात तुम्ही डावीकडे."

"मग कोन काय बोललं ते बगायला आदी फोन कुनाचा ते इचाराय पायजे." त्यांनी कागद नातवाकडे दिला. "पयल्या कागदात का न्हाई सांगितलंस हे?"

"मी विचारलंच नव्हतं," मी म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी सकाळी शेवटची घरं करून मी शाळेवरून निघाले. सकाळच्या शाळेची पोरं ओळीत बसली होती. एका कोपऱ्यात दोन-तीन डबे अजून उघडलेले होते, सगळीच पोरं खिचडीकडे परत आली नव्हती. मावशी पातेलं घेऊन ओळीतून पुढे सरकत होत्या. त्यांनी मला फाटकाशी पाहिलं, थांबल्या नाहीत. त्या तरुण पालकाच्या मुलापाशी आल्यावर त्याने ताट वर धरलं, आणि वाढून त्या पुढे गेल्या तरी ते खाली घेतलं नाही.

"अजून?" मावशींनी मागे वळून विचारलं.

मी पिशवीतली उरलेली पत्रकं मोजली नाहीत. डबे उघडून बसलेल्या त्या दोन-तीन मुलांची घरं कुठली, ते फाटकावरच्या शिपायाला विचारलं आणि तिकडे चालायला लागले.